मथळा आणि मजकूर : दोन अक्षरवळणांची सोयरीक

‘भरण’ आणि ‘मरण’ या दोन शब्दांत फरक किती? छापलेल्या अक्षरात पाहिलं तर डाव्या कोपऱ्यातल्या एका वळशाचा आणि शिरोरेषेतल्या एका फटीचा. ‘धन’ आणि ‘घन’ यांचंही तेच. ‘बार’ आणि ‘वार’ यांच्यात फक्त पोटातली एक तिरकी रेघ. मजकुराच्या बारीक अक्षरात हे फरक सहज दिसतात. तेच शब्द ठळक करून मथळ्यात बसवले की फट बुजते, रेघ पोटात विरघळते आणि ‘ब’चा ‘व’ होतो. शब्द ओळखीचा असेल तर वाचक संदर्भानं सावरून घेतो. पण मथळ्यात एखाद्या अनोळखी गावाचं किंवा माणसाचं नाव असेल, तर सावरायला संदर्भच नसतो. तो चुकीचं नाव वाचतो आणि पुढे जातो.

मी मराठी पुस्तकांची आणि संकेतस्थळांची मांडणी करते. या कामात सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नावर जातो. मजकुरासाठी एक फाँट ठरला, आता मथळ्यासाठी कोणता? ‘छान दिसतो तो’ हे उत्तर पुरत नाही, कारण एकेकटे छान दिसणारे दोन फाँट एकत्र आले की अनेकदा एकमेकांना मारक ठरतात. दोघांत नेमकं काय सारखं असावं आणि काय वेगळं असावं, याचं उत्तर युरोपातल्या टाइप बनवणाऱ्यांना दोन टप्प्यांत सापडलं. त्या दोन टप्प्यांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर आहे. देवनागरी या प्रश्नाकडे तिसऱ्याच वाटेनं आली. ही तिन्ही वळणं समजली, तर फोनवर मराठी मथळा का बिघडतो आणि कसा सुधारतो, हे आपोआप उलगडतं.

डागासारखी अक्षरं

आज ‘बोल्ड’चं बटण इतकं सवयीचं आहे, की ठळक अक्षर हे छपाईइतकंच जुनं असेल असं वाटतं. ते तसं नाही. युरोपात छपाई सुरू झाल्यावर साडेतीनशेहून अधिक वर्षं मजकुराच्या टाइपला जाड भावंड नव्हतं. एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर तो तिरप्या इटालिकमध्ये, मोठ्या लिपीतल्या अक्षरांत किंवा जुन्या गॉथिक वळणात जुळवत.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा सुळसुळाट झाला. लॉटरीची पत्रकं, नाटकांचे फलक, लिलावाच्या नोटिसा एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागत. लांबून दिसेल असं अक्षर हवं होतं. त्यातून ‘फॅट फेस’ नावाचा प्रकार जन्माला आला. त्याचं श्रेय सहसा रॉबर्ट थॉर्न या टाइपवाल्याला देतात. या अक्षरातल्या उभ्या खांबाची जाडी अक्षराच्या उंचीच्या साधारण अडीच भागांतला एक भाग एवढी असे. आडव्या रेघा मात्र केसासारख्या बारीक. त्यानंतर जाड चौकोनी पाय असलेली अक्षरं आली आणि 1816 मध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनच्या फाउंड्रीच्या नमुन्यात पाय नसलेलं, म्हणजे आपण ज्याला सॅन्स सेरिफ म्हणतो तसं, पहिलं छापील अक्षर दिसलं.

ही सगळी भिंतीवरची अक्षरं होती. छापखान्यांपुढे अडचण आली ती शब्दकोश आणि सूची छापताना. शब्दकोशात मूळ शब्द ठळक आणि अर्थ साध्या अक्षरात असला तर नजर लगेच शब्दावर जाते. म्हणून जुळाऱ्यांनी फॅट फेसचे बारीक आकारातले खिळे मजकुरात घालून पाहिले. पानावर काळे डाग पडल्यासारखं दिसू लागलं. भिंतीवर वीस हातांवरून वाचायचं अक्षर हातातल्या पुस्तकात आलं होतं. ते वेगळं दिसत होतं, पण शेजारच्या अक्षरांशी त्याचं कसलंच नातं नव्हतं. रुंदी निराळी, काळेपणा निराळा, वळण निराळं.

1845 : मजकुराच्या मापानं कापलेलं जाड अक्षर

लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्लीनं 1845 साली एक नवा टाइप नोंदवला. त्याचे पंच बेंजामिन फॉक्स या कारागिरानं कापले होते. टाइपचं नाव क्लॅरेंडन. आज या नावानं जो रुंद, ऐसपैस, फलकावर शोभणारा फाँट मिळतो तो नंतरचा अवतार. मूळचं क्लॅरेंडन लहान आकाराचं आणि बरंचसं अरुंद होतं, कारण ते एकटं वापरायचंच नव्हतं. साध्या रोमन मजकुराच्या ओळीत, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एवढंच त्याचं काम.

त्यात केलेले बदल समजून घेण्यासारखे आहेत. फॅट फेसमध्ये जाड रेघ अतिशय जाड आणि बारीक रेघ अतिशय बारीक होती. क्लॅरेंडनमध्ये दोन्हींतलं अंतर कमी केलं. बारीक रेघाही थोड्या भरल्या, म्हणून एकूण काळेपणा वाढवण्यासाठी खांब अवाढव्य करण्याची गरज उरली नाही. खांब आटोक्यात राहिले म्हणून अक्षराच्या पोटातली पोकळी शाबूत राहिली. पोकळी राहिली म्हणून लहान आकारातही अक्षर ओळखू येऊ लागलं. आणि रुंदी आवरती ठेवल्यामुळे ठळक शब्द ओळीत फार जागा खात नव्हता.

म्हणजे बेस्लीनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. अक्षर जाड असणं ही एक गोष्ट. अक्षराच्या आतलं अंतर, म्हणजे त्याच अक्षरातल्या जाड आणि बारीक रेघांमधला भेद, ही दुसरी. इंग्रजीत या दुसऱ्या गोष्टीला कॉन्ट्रास्ट म्हणतात. दोन फाँटच्या एकमेकांतल्या वेगळेपणालाही कॉन्ट्रास्टच म्हणतात, आणि तिथे खूप गोंधळ होतो. म्हणून या लेखात पहिल्याला मी ‘रेघभेद’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘वेगळेपणा’. क्लॅरेंडनची शिकवण अशी: दोन अक्षरांत वेगळेपणा आणायचा असेल तर रेघभेद, वजन, रुंदी हे सगळं एकदम बदलायची गरज नसते. एकच गोष्ट ठामपणे बदला, बाकीच्या जवळ ठेवा.

ब्रिटनमध्ये तेव्हा नमुन्यांच्या नोंदणीचा नवा कायदा होता आणि त्याचं संरक्षण तीन वर्षांचं होतं. ती मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी आपापली क्लॅरेंडनं काढली. बेस्लीला त्याचा राग आला, पण आपल्या दृष्टीनं त्या नकलांमधूनच ही कल्पना जगभर पसरली. काही काळ इंग्रजी छापखान्यांत ‘क्लॅरेंडन’ हा शब्दच ‘ठळक टाइप’ या अर्थानं वापरात होता.

उट्रेख्टचा सांगाडा

क्लॅरेंडननं वजनाचा प्रश्न सोडवला. वळणाचा सुटला नाही. विसाव्या शतकात मथळ्यासाठी सॅन्स आणि मजकुरासाठी सेरिफ ही जोडी सर्रास झाली, पण कोणता सॅन्स कोणत्या सेरिफबरोबर जातो, हे ज्याचा त्यानं नजरेनं ठरवायचं.

यावर सगळ्यात स्वच्छ उत्तर दिलं ते मार्टिन मायोर या डच टाइपकारानं. 1980च्या दशकाच्या शेवटी तो उट्रेख्ट शहरातल्या व्रेडनबर्ग संगीत केंद्रात मांडणीचं काम करत होता. तिथे नवे मॅकिन्टॉश संगणक आले होते, पण त्यांवरच्या फाँटमध्ये चांगल्या पुस्तकी कामाला लागणारे खाली-वर होणारे जुन्या वळणाचे आकडे किंवा छोट्या उंचीची मोठी अक्षरं नव्हती. कार्यक्रमपत्रिकेत तर तारखा आणि वेळाच जास्त. म्हणून त्यानं स्वतःच एक सेरिफ टाइप काढला. मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहावरून त्याचं नाव ठेवलं स्काला. पुढे तो सगळ्यांसाठी विक्रीला आला आणि 1993 मध्ये त्याचं भावंड आलं, स्काला सॅन्स.

हे भावंड मायोरनं नव्यानं आखलं नाही. स्कालाच्या अक्षरांचेच पाय छाटले आणि जाड-बारीक रेघांतला भेद कमी केला. काळा मार्कर आणि पांढरा रंग, एवढ्या साहित्यात सुरुवात झाली. ‘a’चं पोट कुठे सुरू होतं, ‘e’ची आडवी रेघ किती वर आहे, लहान अक्षरांची उंची मोठ्यांच्या तुलनेत किती, अक्षर किती रुंद, हे सगळं दोघांत जवळजवळ तेच राहिलं. त्यानं याला एकच सांगाडा आणि दोन रूपं असं म्हटलं. हाडं तीच, अंगावरचे कपडे वेगळे.

म्हणून स्काला आणि स्काला सॅन्स एका पानावर आले की आधी फरक दिसतो आणि मग घराणं कळतं. क्लॅरेंडनमध्ये वजन बदललं होतं, इथे रेघभेद आणि पाय बदलले. दोन्ही वेळा प्रमाणं तशीच ठेवली होती. जोडी जमवण्याचा सगळा विचार या एका वाक्यात मावतो: फरक वरच्या कपड्यांत ठेवा, हाडं शेजारी शेजारी उभी राहतील अशी निवडा.

देवनागरीला हाताची सवय होती

आता मुंबईकडे येऊ. जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या टाइपचे पंच राणोजी रावजी आरू या कारागिरानं कापले. संस्कृत आणि मराठी ग्रंथ छापणारे कित्येक छापखाने पुढे या वळणाकडे आदर्श म्हणून पाहत.

धातूच्या त्या काळात जोडीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटत असे. धातूचा खिळा लहानमोठा करता येत नाही. प्रत्येक आकारासाठी पंच वेगळा कापावा लागतो. लहान आकार कापताना कारागीर पोकळ्या थोड्या मोकळ्या ठेवतो, रेघा थोड्या भक्कम करतो. मोठा आकार कापताना तोच हात अक्षर नाजूक आणि घट्ट करतो. म्हणजे मथळ्याचं अक्षर आणि मजकुराचं अक्षर एकाच वळणाची दोन वेगळी कामं असत. आजचा फाँट बहुतेक वेळा एकच आराखडा असतो आणि तोच 14 पासून 60 पर्यंत ताणला जातो.

पण मोठ्या मथळ्यांसाठी देवनागरीत टाइपची विविधता कमीच होती. रोमनमध्ये फाउंड्र्यांना शंभर-सव्वाशे खिळ्यांत एक टाइप पुरा करता येई. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा, रफार, उकार धरून ही संख्या कित्येक पटींनी वाढे, आणि ती प्रत्येक आकारात पुन्हा कापायची. त्यामुळे मराठी मासिकांची शीर्षकं, नाटकांच्या जाहिराती, सिनेमांची नावं चित्रकार हातानं काढत. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं मराठी घरांत नाटकाच्या नावाइतकीच ओळखीची होती. हातानं काढणारा माणूस ‘भ’ची फट बुजू देत नाही. जाड रेघ आत घुसायला लागली, की तो पोट थोडं फुगवतो, गाठ थोडी बाजूला सरकवतो. मथळा आणि मजकूर यांची सोयरीक जमवणारा हा मध्यस्थ होता, आणि तो प्रत्येक शब्दासाठी नव्यानं बसत असे.

संगणक आल्यावर हा मध्यस्थ गेला. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांचा फाँट. लाखो लोकांनी युनिकोड मराठी पहिल्यांदा पाहिली ती त्याच्यात. पण विंडोज एक्सपीच्या काळात मंगल एकाच वजनात मिळत होता. तरी लोक बोल्डचं बटण दाबतच होते. बटण दाबल्यावर संगणक काय करी? त्याच अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्या सुजवी. कारागिरानं जाड अक्षर काढताना पोट मोठं केलं असतं. संगणकाला पोट आणि पाठ यांतला फरक कळत नाही, म्हणून रेघ बाहेर जेवढी वाढते तेवढीच आतही वाढते. कितीतरी सरकारी पत्रकांचे आणि लग्नपत्रिकांचे मथळे या सुजलेल्या अक्षरात छापले गेले. 1840 सालच्या शब्दकोशातले काळे डाग आपल्याकडे दीडशे वर्षांनी आले, तेही दुसऱ्याच कारणानं.

आज, फोनच्या पडद्यावर

ही सूज गेलेली नाही. एक प्रत्यक्ष जोडी घेऊन पाहू. मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’. याचं मूळ हार्वर्डच्या मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी केलेल्या अक्षरात आहे. बोरूनं लिहिल्यासारखा स्पष्ट रेघभेद, पुस्तकी वळण. मथळ्यासाठी ‘मुक्ता’, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा. सगळ्या रेघा जवळपास एकाच जाडीच्या, सात वजनं. दोन्ही फुकट मिळतात.

पहिला खड्डा इथेच आहे. टिरो उभ्या वळणात एकाच वजनात येतो. त्याला ठळक भावंड नाही. तुम्ही मथळाही टिरोमध्येच ठेवलात आणि ब्राउझरला तो ठळक करायला सांगितलंत, तर ब्राउझर मुकाट्यानं सूज आणतो. ओळखायची खूण सोपी आहे. ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘ण्ण’ ही अक्षरं असलेला शब्द मोठा करून पाहा. खऱ्या ठळक फाँटमध्ये पोकळ्या लहान झाल्या तरी त्यांचा आकार नेटका असतो आणि अक्षर थोडं रुंद झालेलं असतं. सुजलेल्या अक्षरात पोकळ्यांचे कोपरे भरलेले असतात आणि जोडाक्षराची गाठ एक काळा ठिपका होते.

टिरो आणि मुक्ता या जोडीत वेगळेपणा रेघभेदाचा आहे. म्हणजे मायोरचा मार्ग. त्यावर वजनाचाही फरक चढवता येतो, पण किती? मजकूर 18 पिक्सेल आणि मथळा 28 आहे असं धरा. समजा 18 ला उभ्या रेघेची जाडी 1.6 पिक्सेल भरते. वजन न बदलता नुसता आकार 28 केला तरी ती 2.5 होते. म्हणजे मथळा आकारानंच दीडपट जाड झाला. त्यावर जवळपास दुप्पट जाडीचं वजन घेतलं तर रेघ साडेचार पिक्सेलवर जाते, आणि तेवढी जागा ‘ब’च्या पोटातून वजा होते. म्हणून मी आधी आकार ठरवते आणि मग सर्वांत जड वजनापासून खाली येत जाते. ‘बार’ आणि ‘वार’ हात लांब करून धरलेल्या फोनवर वेगळे वाचता आले, की थांबते. बहुतेक वेळा हे 800 वर नाही, 700 वर जमतं. उलट टोकाला, एकाच फाँटचं 400 आणि 500 शेजारी ठेवू नये. तो फरक नसतो, तो छपाईतला दोष वाटतो.

‘प’ मोजा

प्रमाणं जुळतात का, हे पाहायला रोमनमध्ये ‘x’ची उंची मोजतात. देवनागरीत ‘प’ घ्या. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत त्याची उंची मोजा, मग रुंदी. दोन्ही फाँट 200 पिक्सेलला उघडून स्क्रीनशॉट काढला तर पट्टीही लागत नाही.

यातून तीन गोष्टी कळतात. पहिली रुंदी आणि उंची यांचं गुणोत्तर. दोन फाँटमध्ये ते जवळपास सारखं असेल तर एक घराणं वाटतं. एक फाँट उघडच अरुंद, अगदी निम्म्या रुंदीचा असेल तरी चालतं, तिथे अरुंदपणा हाच वेगळेपणा होतो. जमत नाही ते अधलंमधलं. एक थोडा रुंद, दुसरा थोडा अरुंद असेल तर वाचकाला कारण कळत नाही, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

दुसरी गोष्ट वर-खालची जागा. मराठी अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार, ऋकार. मथळ्याचा फाँट आकारानं लहान करता येतो, पण वेलांटी अक्षराच्या मानानं किती उंच, हे बदलता येत नाही. इंग्रजी मथळ्याच्या ओळी अक्षराच्या आकाराच्या 1.1 पट अंतरावर बसवायची पद्धत आहे. तोच आकडा मराठीला लावला तर वरच्या ओळीतल्या ‘कर्तृत्व’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफारात अडकतो. मी 1.35 पासून सुरुवात करते.

तिसरी गोष्ट ओळीच्या आत ठळक शब्द येतो तेव्हाची. बेस्लीनं शब्दकोशासाठी सोडवलेला प्रश्न हाच, पण देवनागरीत तो उलटा दिसतो. ब्राउझर दोन फाँट सहसा तळरेषेवर जुळवतो. रोमन अक्षरं तळावर उभी असतात, त्यामुळे उंचीतला थोडा फरक खपून जातो. आपली अक्षरं वरच्या रेषेला टांगलेली. ‘प’ची उंची वेगळी असेल तर तळ जुळतो आणि शिरोरेषा पायरीसारखी वर-खाली होते. डोळ्याला ते लगेच टोचतं. समजा मजकुराचा ‘प’ 120 पिक्सेल आणि ठळक फाँटचा 132 भरला, तर 120 भागिले 132, म्हणजे साधारण 91 टक्के. ठळक फाँट तेवढा आवळायचा:

```css
@font-face {
  font-family: "Thalak";
  src: url("Mukta-Bold.woff2") format("woff2");
  font-weight: 700;
  size-adjust: 91%;
}
strong { font-family: "Thalak", "Tiro Devanagari Marathi"; font-synthesis: none; }
```

इथला 91 हा आकडा माझ्या उदाहरणातला आहे. तुमच्या फाँटसाठी ‘प’ मोजूनच काढा. `font-synthesis: none` ही ओळ ब्राउझरला सूज आणायला मनाई करते. फाँट खरोखर नसेल तर शब्द साधा दिसेल, पण वाचता येईल.

‘शाल’ची परीक्षा

शेवटी एक गोष्ट जी मोजून कळत नाही. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ ज्या वळणानं लिहितात, त्याहून हिंदीतलं वळण वेगळं आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयात मराठीची वळणं ठरवून दिलेली आहेत. टिरोनं तर हिंदी, संस्कृत आणि मराठी यांसाठी स्वतंत्र फाँटच काढले. पण अनेक देवनागरी फाँट मुळात हिंदी वळण दाखवतात. काहींत मराठी वळण आत दडलेलं असतं आणि पान मराठी आहे असं सांगितलं तरच बाहेर येतं:

```html
<html lang="mr">
```

काहींत ते नसतंच. म्हणून फाँट निवडण्याआधी ‘शाल’ हा शब्द मथळ्यात आणि मजकुरात लिहून पाहा. मथळ्यात एक ‘ल’ आणि खाली दुसरा ‘ल’ आला, तर वजन, रेघभेद, रुंदी सगळं जुळूनही सांगाडा तुटलेला असतो. मायोरच्या भाषेत सांगायचं तर इथे कपडे नाही, हाडंच वेगळी निघाली.

देवनागरीत एकाच सांगाड्यावर दोन रूपं काढण्याचे प्रयत्न आता दिसतात. डॅन रेनॉल्ड्स यांचा ‘मार्टेल’ रेघभेद असलेला आहे आणि त्याच्या जोडीला ‘मार्टेल सॅन्स’ आहे, दोन्हींची सात सात वजनं. अशी घराणी थोडी आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा दोन वेगळ्या घरच्या अक्षरांची सोयरीक आपल्यालाच जमवावी लागते. त्यासाठी माझ्याकडे एक छोटी यादी असते: भरण मरण, धन घन, बार वार, कष्ट, कर्तृत्व, कीर्ती, शाल. नवा मथळ्याचा फाँट आला की आधी हे शब्द त्यात लावते आणि खाली तेच शब्द मजकुराच्या फाँटमध्ये. फोन हातभर लांब धरते. वरची ओळ खालच्या ओळीइतकीच बिनचूक वाचता आली, तर जोडी जमली. एकही शब्द अडला, तर वजन एक पायरी खाली आणते आणि पुन्हा वाचते.